मूतखड्यासाठी अल्पमात्रा सीटी स्कॅन

मूतखड्यासाठी अल्पमात्रा सीटी स्कॅन ही मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या व मूत्राशय यांची क्ष-किरणांच्या कमी मात्रेत आणि कोणतेही रंगद्रव्य न टोचता केली जाणारी छेदप्रतिमा तपासणी होय. या तपासणीतून खडा आहे की नाही, कोठे आहे आणि किती मोठा आहे हे समजते. त्याखेरीज खडा क्ष-किरणांना किती प्रमाणात रोखतो, हेही अंकाच्या रूपात मिळते. या अंकाला खड्याची *घनता* म्हणतात आणि तो *हाउन्सफील्ड एकक* (एचयू) या एककात मोजतात. खडा औषधाने विरघळण्याजोगा आहे, शरीराबाहेरून सोडलेल्या आघात-तरंगांनी फुटण्याजोगा आहे, की दुर्बिणीतून फोडून काढावा लागेल, हे ठरवताना खड्याचा आकार व जागा यांच्या जोडीने या अंकाचा विचार केला जातो.

## पार्श्वभूमी

सीटी स्कॅनचे तंत्र ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ईएमआय या कंपनीत विकसित केले. १९७१ मध्ये लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेण्यात आली. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. सीटी प्रतिमेतील घनतेच्या एककाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे.

मूतखड्याच्या निदानासाठी पूर्वी साधा क्ष-किरण फोटो आणि शिरेतून रंगद्रव्य टोचून काढलेले फोटो वापरले जात. साध्या फोटोत यूरिक आम्लाचे खडे दिसत नाहीत, तर रंगद्रव्याच्या तपासणीस वेळ लागतो आणि काही रुग्णांना त्या द्रव्याची ॲलर्जी असते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रंगद्रव्याविना सीटी स्कॅन ही कमरेतील तीव्र कळांसाठीची प्रमुख तपासणी बनली. जवळजवळ सर्व प्रकारचे खडे तिच्यात दिसतात. इंडिनाव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या स्फटिकांपासून बनलेले खडे हा याला असलेला प्रसिद्ध अपवाद आहे. मात्र मूतखडा पुन:पुन्हा होणारा विकार असल्याने, आणि अनेक रुग्ण तरुण असल्याने, प्रत्येक वेळी पूर्ण मात्रेचा स्कॅन केल्यास आयुष्यभरात साठणारी किरणमात्रा मोठी होते. या अडचणीतून अल्पमात्रा पद्धत पुढे आली.

## तपासणीची पद्धत

तपासणीत मूत्रपिंडांच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंतचा भाग एका श्वासरोधात टिपला जातो. यंत्राचे काम काही सेकंदांतच पूर्ण होते. मूत्राशय बऱ्यापैकी भरलेले असल्यास मूत्रवाहिनीच्या शेवटच्या टोकाशी असलेला खडा ओळखणे सोपे जाते. असा खडा मूत्रवाहिनीत अडकलेला आहे की मूत्राशयात पडलेला आहे, याविषयी शंका असल्यास रुग्णाला पालथे झोपवून तेवढ्याच भागाची प्रतिमा पुन्हा घेतली जाते. मूत्राशयात पडलेला खडा गुरुत्वाकर्षणाने पुढच्या भिंतीकडे सरकतो, तर अडकलेला खडा जागचा हलत नाही.

रंगद्रव्य न देण्यामागे कारण आहे. शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त द्रव्य काही मिनिटांत मूत्रात उतरते आणि प्रतिमेत खड्याइतकेच पांढरे दिसते. परिणामी खडा त्यात झाकला जातो आणि त्याची घनताही मोजता येत नाही.

## किरणमात्रा आणि प्रतिमेची गुणवत्ता

पोट व ओटीपोटाच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये शरीराला मिळणारी परिणामी मात्रा यंत्र व शरीरयष्टीनुसार साधारण ५ ते १० मिलिसिव्हर्ट, कधी त्याहूनही अधिक असते. अल्पमात्रा स्कॅनमध्ये ती सामान्यत: ३ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवली जाते. तुलनेसाठी, नैसर्गिक स्रोतांपासून माणसाला वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी मात्रा सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे.

ही मात्रा तपासणीच्या नोंदीवरून काढता येते. स्कॅननंतर यंत्राच्या पडद्यावर DLP नावाचा आकडा दिसतो. त्यात किरणांची तीव्रता आणि टिपलेल्या भागाची लांबी या दोन्हींचा हिशेब असतो. प्रौढ व्यक्तीच्या पोटासाठी या आकड्याला ०.०१५ ने गुणल्यास मिलिसिव्हर्टमधील अंदाजे मात्रा मिळते. उदाहरणार्थ, DLP १६५ असल्यास मात्रा सुमारे २.५ मिलिसिव्हर्ट होते, आणि ६०० असल्यास ९ मिलिसिव्हर्ट.

मात्रा कमी करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे क्ष-किरण नलिकेतील विद्युतप्रवाह कमी करणे. प्रवाह कमी झाला की कमी किरण शरीरातून पार होऊन शोधकांपर्यंत पोहोचतात आणि प्रतिमा दाणेदार दिसू लागते. हा दाणेदारपणा मात्रेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणजे मात्रा एक चतुर्थांश केली, तर दाणेदारपणा चौपट होत नाही, तो दुप्पट होतो.

मूतखड्याच्या बाबतीत एवढा दाणेदारपणा चालू शकतो, कारण खडा आणि त्याभोवतीच्या ऊती यांच्या घनतेत फार मोठे अंतर असते. रंगद्रव्य न दिलेल्या मूत्रपिंडाची घनता सुमारे ३० एचयू असते, तर खड्याची काही शे ते हजाराच्या वर. दाणेदारपणामुळे प्रत्येक बिंदूचे मूल्य १५ ऐवजी ३० एचयूने वरखाली झाले, तरी खडा दिसेनासा होत नाही. याच कारणाने यकृतातील लहान गाठ शोधण्यासाठी मात्र अशी प्रतिमा उपयोगी पडत नाही. तेथे गाठ आणि निरोगी ऊती यांतील फरकच २०-३० एचयूचा असतो आणि तो दाणेदारपणात बुडून जातो. अल्पमात्रा स्कॅनमध्ये खडा न सापडल्यास आणि कळा थांबत नसल्यास वेगळ्या तपासणीची गरज पडते, ती यामुळेच.

एकत्रित अभ्यासांच्या विश्लेषणात अल्पमात्रा स्कॅनची मूतखड्यासाठीची संवेदनशीलता सुमारे ९३ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९७ टक्के आढळली आहे. निसटणारे खडे बहुधा ३ मिलिमीटरपेक्षा लहान असतात, आणि असे बहुतेक खडे आपोआप पडून जातात. लठ्ठ व्यक्तींमध्ये शरीर बरेच किरण शोषून घेते. त्यामुळे बॉडी मास इंडेक्स ३० पेक्षा जास्त असल्यास अल्पमात्रा स्कॅनची विश्वासार्हता घटते आणि मात्रा वाढवावी लागते.

## हाउन्सफील्ड एकक

सीटी यंत्र शरीराच्या प्रत्येक सूक्ष्म घनाकृती भागात क्ष-किरण किती क्षीण होतात हे मोजते. अशा भागाला *व्हॉक्सेल* म्हणतात. मिळालेले मूल्य पाण्याशी तुलना करून पुढील सूत्राने मांडले जाते:

```
HU = 1000 × (μ − μ_water) / μ_water
```

येथे μ हा त्या पदार्थाचा क्षीणन गुणांक आणि μ_water हा पाण्याचा क्षीणन गुणांक होय. या सूत्रानुसार पाण्याचे मूल्य ० आणि हवेचे जवळजवळ −१००० येते. चरबीचे मूल्य −१०० च्या आसपास, मूत्राचे ० ते २० च्या दरम्यान आणि कठीण हाडाचे १००० च्या वर असते.

येथील *घनता* हा शब्द भौतिकशास्त्रातील वस्तुमान व आकारमान यांच्या गुणोत्तराच्या अर्थाने घेऊ नये. क्ष-किरण रोखण्याची क्षमता बऱ्याच अंशी पदार्थातील मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकावर अवलंबून असते. यूरिक आम्लात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजन ही हलकी मूलद्रव्येच असतात. कॅल्शियमचा अणुक्रमांक २० असल्याने कॅल्शियमचे क्षार किरणांना कितीतरी अधिक रोखतात. म्हणून हाताला सारखेच कडक लागणारे दोन खडे प्रतिमेत अगदी भिन्न मूल्ये दाखवू शकतात.

## खड्यांचे प्रकार आणि त्यांची घनता

१२० किलोव्होल्ट नलिकादाबावर घेतलेल्या प्रतिमांमध्ये प्रमुख प्रकारच्या खड्यांची घनता साधारण पुढीलप्रमाणे आढळते:

* यूरिक आम्ल – सुमारे २०० ते ४५० एचयू. साध्या क्ष-किरण फोटोत दिसत नाही.
* स्ट्रुव्हाइट – सुमारे ६०० ते ९०० एचयू. विशिष्ट जीवाणूंच्या संसर्गामुळे तयार होतो.
* सिस्टीन – सुमारे ६०० ते ११०० एचयू. आनुवंशिक विकारामुळे होतो.
* कॅल्शियम फॉस्फेट – सुमारे १२०० ते १६०० एचयू.
* कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट व ब्रुशाइट – सुमारे १७०० एचयूपासून पुढे.

ही मूल्ये मुख्यत: शुद्ध व पुरेशा मोठ्या खड्यांची आहेत. प्रत्यक्षात बरेच खडे मिश्र असतात आणि या श्रेणी एकमेकींवर चढतात. त्यामुळे केवळ आकड्यावरून खड्याचा नेमका प्रकार सांगता येत नाही. कमी घनतेचा, पुरेसा मोठा खडा यूरिक आम्लाचा असण्याची शक्यता जास्त, आणि हजाराच्या वरचा खडा कॅल्शियमयुक्त असण्याची शक्यता फार मोठी, एवढे मात्र विश्वासाने म्हणता येते. उपचार ठरवताना पहिले पाऊल टाकण्यासाठी एवढी माहिती बहुधा पुरते.

## घनतेवरून उपचाराची दिशा

### औषधाने विरघळवणे

नेहमीच्या खड्यांपैकी यूरिक आम्लाचा खडाच तोंडाने घेतलेल्या औषधाने भरवशाने विरघळवता येतो. यूरिक आम्ल आम्लधर्मी मूत्रात अविद्राव्य असते. मूत्राचा सामू, म्हणजेच पीएच, ५.५ च्या आसपास असताना त्याचा निम्मा भाग अविद्राव्य आम्लाच्या रूपात आणि निम्मा विद्राव्य यूरेटच्या रूपात असतो. सामू ६.५ झाला की सुमारे नऊ दशांश भाग यूरेटच्या रूपात जातो आणि खडा हळूहळू झिजू लागतो.

यासाठी पोटॅशियम सायट्रेट किंवा सोडियम बायकार्बोनेट देऊन मूत्राचा सामू वाढवला जातो. असलेला खडा विरघळवायचा असल्यास तो ७.० ते ७.२ च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न होतो. रुग्ण घरीच पट्टीने सामू तपासून नोंद ठेवतो आणि त्यानुसार औषधाचे प्रमाण बदलले जाते. सामू याहून वर गेल्यास खड्यावर कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसतो आणि विरघळण्याची क्रिया थांबते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांत पोटॅशियम रक्तात साठण्याचा धोका असल्याने रक्ततपासणी आवश्यक ठरते. या उपचाराला आठवडे ते महिने लागतात. म्हणून मूत्रमार्ग अडलेला नसेल आणि संसर्ग नसेल, तरच तो निवडला जातो.

या ठिकाणी घनतेचा आकडा रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक असतो. तो न पाहता थेट शस्त्रक्रिया केली, तर औषधाने जाऊ शकणाऱ्या खड्यासाठी भूल व दुर्बीण यांचा धोका पत्करावा लागतो. उलट, कॅल्शियमच्या खड्याला यूरिक आम्लाचा समजून काही महिने सायट्रेट दिले, तर खडा तसाच राहतो आणि दरम्यान मूत्रपिंडाची हानी होऊ शकते.

### आघात-तरंगांनी फोडणे

आघात-तरंग चिकित्सा, म्हणजे लिथोट्रिप्सी, मानवी रुग्णावर प्रथम १९८० मध्ये म्युनिक येथे करण्यात आली. यात शरीराबाहेर निर्माण केलेले दाबाचे तरंग त्वचेतून पार करून खड्यावर केंद्रित केले जातात. तरंगांच्या आघाताने खड्याचे बारीक तुकडे होतात आणि ते पुढील दिवसांत किंवा आठवड्यांत मूत्रावाटे बाहेर पडतात. चिरा नसल्याने आणि बहुधा पूर्ण भूल लागत नसल्याने रुग्णाला हा उपचार सोयीचा वाटतो.

परंतु सर्व खडे सारखेच फुटत नाहीत. घनता १००० एचयूपेक्षा जास्त आणि सर्वत्र एकसारखी असल्यास खडा या तरंगांनी फुटण्याची शक्यता कमी होते, असे युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. खड्याच्या पोटात पोकळ्या किंवा वेगवेगळ्या घनतेचे थर असतील, तर त्या सीमांवर तरंगांचा ताण एकवटतो आणि खडा तुलनेने सहज तडकतो. या पोकळ्या हाडांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिमा-मांडणीत दिसतात. नेहमीच्या मांडणीत संपूर्ण खडा एकसंध पांढरा दिसत असल्याने त्या नजरेतून सुटतात.

घनतेबरोबर आणखी एक अंतर त्याच प्रतिमेवर मोजले जाते. ते म्हणजे त्वचेपासून खड्यापर्यंतचे अंतर. ते १० सेंटिमीटरपेक्षा जास्त असल्यास तरंगांची ऊर्जा वाटेतील ऊतींत क्षीण होते आणि यशाची शक्यता घटते. खडा मूत्रपिंडाच्या खालच्या चषकात असल्यास तो फुटला, तरी तुकडे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढून बाहेर पडणे अवघड असते.

चुकीच्या खड्यावर हा उपचार केल्यास फेऱ्या वाढत जातात. अर्धवट फुटलेल्या खड्याचे मोठे तुकडे मूत्रवाहिनीत रांगेने अडकून बसू शकतात. या अवस्थेला जर्मन भाषेतून आलेले *स्टाइनश्ट्रासे* हे नाव आहे. त्याचा शब्दश: अर्थ दगडांचा रस्ता असा होतो. ती मोकळी करण्यासाठी अखेरीस दुर्बिणीचाच आधार घ्यावा लागतो.

### दुर्बिणीने काढणे

जास्त घनतेच्या खड्यांसाठी दोन मार्ग प्रचलित आहेत. लवचीक दुर्बीण मूत्रमार्गातून थेट मूत्रपिंडापर्यंत नेऊन लेसरने खडा फोडण्याच्या पद्धतीला *आरआयआरएस* म्हणतात. पाठीतून लहान छिद्र पाडून त्यावाटे खडा फोडून काढण्याच्या पद्धतीला *पीसीएनएल* म्हणतात. लेसर कोणत्याही रासायनिक प्रकारच्या खड्यावर काम करतो. त्यामुळे येथे घनतेमुळे उपचार बाद होत नाही, केवळ लागणारा वेळ बदलतो. २० मिलिमीटरपेक्षा मोठ्या मूत्रपिंडातील खड्यासाठी घनता कितीही असली, तरी सहसा पीसीएनएल हाच पहिला पर्याय मानला जातो. घनतेचा खरा प्रभाव त्याहून लहान, विशेषत: १० ते २० मिलिमीटरच्या खड्यांच्या बाबतीत दिसतो, कारण तेथे एकाहून अधिक मार्ग खुले असतात.

## उदाहरण

घनतेमुळे निर्णय कसा बदलतो, हे पुढील तीन काल्पनिक रुग्णांच्या तुलनेतून स्पष्ट होते. तिघांच्याही मूत्रपिंडाच्या द्रोणीत १४ मिलिमीटरचा एकच खडा आहे. तिघांनाही ताप नाही, रक्तातील क्रिएटिनिन योग्य पातळीवर आहे आणि मूत्रपिंड फारसे फुगलेले नाही. सोनोग्राफीच्या अहवालात तिघांच्या नोंदी जवळजवळ सारख्याच असतील, कारण सोनोग्राफीतून खड्याची घनता कळत नाही.

पहिल्या रुग्णाला मधुमेह आहे. १२० किलोव्होल्टवर घेतलेल्या स्कॅनमध्ये खड्याची सरासरी घनता ४१० एचयू येते. साध्या क्ष-किरण फोटोत तो दिसत नाही आणि मूत्राचा सामू ५.२ आहे. घनता, फोटो आणि सामू ही तिन्ही लक्षणे यूरिक आम्लाकडेच बोट दाखवतात. मधुमेह व लठ्ठपणा असलेल्यांत मूत्र अधिक आम्लधर्मी असते आणि असे खडे जास्त आढळतात, हेही याच्याशी जुळते. अशा वेळी पोटॅशियम सायट्रेट सुरू करून काही आठवड्यांनी खडा लहान होतो आहे का, हे पाहणे सयुक्तिक ठरते.

दुसऱ्या रुग्णाच्या खड्याची घनता ७८० एचयू आहे आणि त्वचेपासूनचे अंतर ८ सेंटिमीटर. हा खडा औषधाने विरघळण्याची अपेक्षा नाही, पण आघात-तरंगांसाठी परिस्थिती अनुकूल आहे. येथे आधी दोन शंका दूर कराव्या लागतात. मूत्राच्या तपासणीत संसर्ग आढळल्यास तो स्ट्रुव्हाइट असू शकतो आणि प्रथम प्रतिजैविके द्यावी लागतात. रुग्णाला लहानपणापासून खडे होत असतील किंवा घरात कोणाला तसा त्रास असेल, तर सिस्टीनचा विचार करावा लागतो. या दोन्ही शक्यता नसल्यास लिथोट्रिप्सी हा योग्य पर्याय ठरतो.

तिसऱ्या रुग्णाच्या खड्याची घनता १३२० एचयू असून ती मध्यापासून कडेपर्यंत एकसारखी आहे. त्वचेपासूनचे अंतर ११.५ सेंटिमीटर आहे. आकाराचा विचार करता लिथोट्रिप्सीला हरकत नसली, तरी घनता, एकसंधपणा आणि अंतर या तिन्ही गोष्टी तिच्या विरोधात जातात. अशा रुग्णाला अनेक फेऱ्यांची शक्यता समजावून सांगून आरआयआरएस सुचवणे अधिक योग्य ठरते.

## मोजमापातील चुका

घनतेचा आकडा यंत्र आपोआप देत नाही. प्रतिमेवर खड्याच्या आत एक वर्तुळ आखून त्यातील बिंदूंची सरासरी काढली जाते. हे वर्तुळ खड्याच्या कडेपर्यंत नेले, तर कडेचे अर्धवट बिंदू सरासरीत मिसळतात आणि आकडा खाली येतो. म्हणून खडा मोठा करून दाखवून, त्याच्या कडेच्या थोडे आत वर्तुळ आखणे आवश्यक असते. दाणेदार प्रतिमेत एखाद्या बिंदूचे मूल्य योगायोगाने फार मोठे असू शकते. त्यामुळे अल्पमात्रा स्कॅनमध्ये सर्वोच्च मूल्याऐवजी सरासरी मूल्य घेणे अधिक सुरक्षित असते. नलिकेतील प्रवाह कमी केल्याने दाणेदारपणा वाढतो, पण सरासरी फारशी बदलत नाही.

सर्वांत मोठी चूक लहान खड्यांच्या बाबतीत होते आणि तिचे कारण छेदाची जाडी हे असते. समजा, १२०० एचयू घनतेचा ३ मिलिमीटरचा खडा ५ मिलिमीटर जाडीच्या छेदात आला. छेदाच्या जाडीपैकी ६० टक्के भाग खड्याने आणि ४० टक्के भाग सुमारे १० एचयूच्या मूत्राने व्यापलेला असेल. यंत्राला या दोहोंची सरासरीच दिसते:

```
0.6 × 1200 + 0.4 × 10 = 724
```

म्हणजे कॅल्शियमचा खडा ७२४ एचयू दाखवील आणि वेगळ्याच प्रकारचा भासेल. खडा दोन छेदांत विभागला गेल्यास आकडा आणखी खाली जाऊन तो यूरिक आम्लाचाही वाटू शकतो. या दोषाला *अंशत: व्याप्तीचा परिणाम* म्हणता येईल. तो टाळण्यासाठी घनता १ ते १.५ मिलिमीटर जाडीच्या छेदांवर मोजली जाते. अहवालात छेदाची जाडी नमूद नसेल आणि खडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर कमी घनतेच्या आकड्यावर विसंबून विरघळवण्याचा उपचार सुरू करणे योग्य नसते.

नलिकादाब हे चुकीचे दुसरे कारण आहे. काही अल्पमात्रा पद्धतींत प्रवाहाऐवजी, किंवा त्याबरोबरच, नलिकादाब १२० वरून १०० किंवा ८० किलोव्होल्टपर्यंत खाली आणतात. कमी दाबावरील किरणांना कॅल्शियम अधिक रोखते, म्हणून त्याच खड्याचा आकडा वाढतो. १२० किलोव्होल्टवर ९०० एचयू असलेला कॅल्शियमचा खडा ८० किलोव्होल्टवर हजाराचा टप्पा ओलांडू शकतो. १००० एचयूची मर्यादा प्रामुख्याने १२० किलोव्होल्टवरील अनुभवावर आधारलेली असल्याने आकड्यासोबत नलिकादाब पाहणे आवश्यक असते. त्याच रुग्णाच्या दोन स्कॅनमधील आकड्यांची तुलना करतानाही दोन्ही वेळचा दाब व छेदाची जाडी सारखी होती का, हे तपासावे लागते.

## द्वि-ऊर्जा सीटी

नलिकादाबामुळे होणाऱ्या याच बदलाचा उपयोग *द्वि-ऊर्जा सीटी* या पद्धतीत करून घेतला जातो. तीत एकाच खड्याची प्रतिमा दोन वेगळ्या दाबांवर, उदाहरणार्थ ८० व १४० किलोव्होल्टवर, घेतली जाते आणि दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर काढले जाते. यूरिक आम्लाचे आकडे दोन्ही दाबांवर जवळजवळ सारखे असल्याने गुणोत्तर १ च्या आसपास राहते. कॅल्शियमच्या खड्यात कमी दाबावरील आकडा बराच मोठा असल्याने गुणोत्तर वाढते. यूरिक आम्ल आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर ही पद्धत एका दाबावरील घनतेपेक्षा अधिक खात्रीने देते. मात्र त्यासाठी विशेष यंत्र लागते, आणि अगदी लहान खड्यांत येथेही चूक होऊ शकते.

## मर्यादा

क्ष-किरण रोखणे आणि आघाताने फुटणे हे पदार्थाचे दोन वेगळे गुणधर्म आहेत. घनतेवरून फुटण्याचा अंदाज बांधणे बहुतेक खड्यांना लागू पडते, पण सिस्टीनच्या बाबतीत तो फसतो. सिस्टीनच्या खड्याची घनता बहुधा हजाराच्या आत असते. तरीही आघात-तरंगांना तो चिवटपणे दाद देत नाही. काही कॅल्शियम ऑक्झलेट खडे मात्र हजाराच्या वर असूनही पोकळ्यांमुळे फुटतात. म्हणून पडलेला किंवा काढलेला खडा रासायनिक तपासणीस पाठवणे आवश्यक असते. पुढच्या वेळी खडा झाल्यास त्या तपासणीचा निष्कर्ष सीटीवरील आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

काही परिस्थितींत घनता पाहण्याची वेळच नसते. खड्याने मूत्रमार्ग अडला असून रुग्णाला थंडीताप भरला असेल, तर अडकलेल्या मूत्रातील संसर्ग रक्तात पसरण्याचा धोका असतो. अशा वेळी प्रथम मूत्रवाहिनीत नळी घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी बसवून मूत्राला वाट करून दिली जाते. खडा कोणत्या मार्गाने काढायचा, याचा विचार संसर्ग आटोक्यात आल्यानंतर होतो. मूत्रवाहिनीत उतरलेल्या ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांबाबतही घनतेचे महत्त्व थोडे असते. असे बरेचसे खडे आपोआप पडतात आणि ते पडतील की नाही हे मुख्यत: आकार व जागा यांवर ठरते.

गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यात सोनोग्राफी हीच पहिली तपासणी मानली जाते आणि अल्पमात्रा सीटी अन्य मार्ग अपुरे पडल्यावरच वापरली जाते. उपचारानंतरच्या पाठपुराव्यासाठीही दर वेळी सीटी करण्याची गरज नसते. क्ष-किरण फोटोत दिसणाऱ्या खड्यांसाठी फोटो व सोनोग्राफी यांवर बहुधा भागते. फोटोत न दिसणारा यूरिक आम्लाचा खडा विरघळला की नाही, याची सोनोग्राफीत खात्री न झाल्यास अल्पमात्रा सीटीचा पुन्हा उपयोग होतो.